आधी कागद, मग कुदळ

भूमिपूजनाच्या आदल्या रात्री मी भाषणाचा कागद तिसऱ्यांदा फाडला. पालखी मार्गावरच्या आमच्या गावात वारकऱ्यांसाठी छोटी धर्मशाळा बांधायची होती. विश्वस्त मंडळाचा चिटणीस म्हणून दोन गोष्टी बोलण्याचे काम माझ्याकडे आले होते: जमीन देणाऱ्या आप्पांचे आभार मानायचे आणि धर्मशाळा कशासाठी आहे ते सांगायचे. काम पाच मिनिटांचे होते. पण पहिल्या दोन मसुद्यांत ‘दानशूर’, ‘पुण्यवान’, ‘भाग्याचा दिवस’ असेच शब्द येत गेले, आणि ते वाचून कुणालाही कळले नसते की आप्पांनी नेमके काय दिले आणि आम्ही त्याचे नेमके काय करणार आहोत.

मग मी आमच्या कपाटातली फाइल उघडली. त्या फाइलमध्येच भाषण होते.

आप्पांनी जमीन देतो म्हटले ते सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी, मारुतीच्या देवळात, सगळ्या गावासमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विठ्ठलनामाचा गजर झाला. रस्त्याला लागून असलेला वीस गुंठ्यांचा तुकडा, म्हणजे अर्धा एकर. दुसऱ्याच दिवशी उत्साही मंडळी कुदळ घेऊन निघाली होती. त्यांना थांबवावे लागले, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी आप्पांनी काहीच दिलेले नव्हते.

स्थावर मिळकतीचे दान तोंडी होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्यासाठी बक्षीसपत्र लागते. त्यावर देणाऱ्याची सही लागते, किमान दोन साक्षीदार लागतात आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. शिवाय घेणाऱ्याने ते दान देणारा हयात असतानाच स्वीकारले पाहिजे. देणारा ऐंशीच्या घरातला असतो तेव्हा ही शेवटची अट फार महत्त्वाची ठरते. शब्द दिला, बांधकाम सुरू झाले, कागद राहून गेला आणि माणूस गेला, तर जमीन वारसांची होते. वारस चांगले असतील तर ते पुन्हा कागद करून देतात. त्यांच्यातल्या एकाचेही मन फिरले, तर अर्धवट उभ्या भिंतींभोवती दावा सुरू होतो. पालखी मार्गावर फिरणाऱ्याला अशी जोती ठिकठिकाणी दिसतील: दगड रचलेले, त्यावर बाभळी उगवलेल्या, आणि गावात विचारले तर एकच उत्तर, “भावकीत अडकलंय.”

म्हणून आम्ही आधी सातबारा काढला. त्यावर आप्पांच्या नावाखाली त्यांच्या दोन बहिणींची नावे होती. जमीन वडिलोपार्जित, वाटणी झालेली नव्हती. आप्पा म्हणाले, “त्या दोघींनी कधी एक दाणा मागितला नाही. त्यांना कशाला त्रास द्यायचा?” पण मागितला नाही याचा अर्थ हक्क सोडला असा होत नाही. न वाटलेल्या जमिनीतला ठरावीक तुकडा एकट्याने देऊन टाकला, तर तो दस्त पुढे टिकेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तिघांनी मिळून बक्षीसपत्र करायचे ठरले. धाकट्या आत्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे घराबाहेर पडत नव्हत्या. त्या भाच्याच्या गाडीतून तालुक्याला आल्या आणि निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या एकेक करत चढल्या. सही करून झाल्यावर म्हणाल्या, “माझं पंढरपूर इथंच झालं.”

तिसऱ्या मसुद्यापर्यंत माझ्या भाषणात त्यांचे नावही नव्हते. मी कागद फाडला तो त्यासाठी.

पुढच्या पायऱ्या सावकाश होत गेल्या. शेतजमीन शेतकऱ्याकडून शेतकरी नसलेल्याकडे जायची असेल तर आपल्याकडे कुळकायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विश्वस्त संस्था ही शेतकरी नसते. परवानगीशिवाय केलेला दस्त नोंदला गेला तरी तो पुढे अडतो. तुकडेबंदीचा कायदाही पाहावा लागतो. ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा वेगळा काढायचा असेल तर अडचण येते, म्हणून मोजणी आणि चौकशी बक्षीसपत्राच्या आधी करायची, नंतर नव्हे. दस्त झाल्यावर तलाठ्याकडे फेरफार, नोटिशीची मुदत, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मग सातबाऱ्यावर संस्थेचे नाव. त्याच वेळी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, कारण संस्थेच्या नोंदीत नवी मिळकत आली की 90 दिवसांत ते कळवावे लागते. बिनशेती आणि बांधकामाची परवानगी त्यानंतर.

हे सगळे होईपर्यंत लोक विचारत राहिले, “कुदळ कधी मारायची?” आम्ही सांगत राहिलो, “आधी कागद, मग कुदळ.”

या धावपळीत मला एक गोष्ट उमगली. धर्मादाय कार्यालयात नोंद झालेली मिळकत विश्वस्तांना मनाला येईल तशी विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी मंजुरी लागते. म्हणजे आप्पांनी जमीन आम्हाला, म्हणजे विश्वस्तांना, दिलेली नाही. ती त्यांनी एका कामाला दिली आहे आणि आम्ही त्या कामाचे राखणदार आहोत. आभाराच्या भाषणात सांगायची खरी गोष्ट हीच होती.

पण ते काम कोणते? इथे माझा दुसरा मसुदा कोसळला होता. मी लिहिले होते, “आषाढी वारीत येणाऱ्या लाखो भाविकांच्या सोयीसाठी.” ते खरे नव्हते. पालखी येते त्या रात्री आमचे गाव भरून वाहते. शाळा उघडी, देवळे उघडी, घराघरात पंगती. दिंड्यांच्या स्वतःच्या राहुट्या असतात, पाण्याचे टँकर असतात. चाळीस माणसांची धर्मशाळा त्या रात्री समुद्रात तांब्याभर पाण्यासारखी. पालखी पुढे गेली की गाव पुन्हा आपल्या कामाला लागते, शाळेला कुलूप लागते, आणि वारी मात्र संपलेली नसते.

महिन्याची वारी करणारे लोक असतात. शुद्ध एकादशीला पंढरपूर, वद्य एकादशीला आळंदी. काही एसटीने जातात, काही अजून पायी. दोघे, तिघे, कधी एकटाच. गळ्यात वीणा किंवा हातात टाळ, खांद्यावर पडशी. यांच्यामागे राहुटीचा ट्रक नसतो. अंधार पडला की ते बंद दुकानाच्या ओट्यावर किंवा एसटी थांब्याच्या शेडमध्ये पडतात. कार्तिकीला थंडी असते, माघीला जास्त. स्त्रिया असल्या तर त्या रात्रभर जाग्या राहतात, कारण शेडला दार नसते, आणि पहाटे अंघोळीला व शौचाला आडोसा नसतो. आमची धर्मशाळा या माणसांसाठी आहे. आषाढीच्या एका रात्रीसाठी नाही, वर्षाच्या उरलेल्या रात्रींसाठी.

हे ठरल्यावर इमारतीचा आकारही आपोआप ठरत गेला. वारकऱ्याला खोली लागत नाही, पथारीपुरती जागा लागते. एका माणसाला साधारण तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब खोलीत दोन्ही लांब भिंतींना डोकी करून दहा-दहा माणसे झोपतात. साडेसहा आणि साडेसहा मिळून तेरा फूट, मधे सात फुटांची वाट उरते. रात्री उठणाऱ्याला कुणाच्या अंगावर पाय न देता बाहेर जाता येते. अशा दोन खोल्या, एक स्त्रियांची, एक पुरुषांची. चाळीस माणसे, बाराशे चौरस फूट. भिंतीत उंचावर लाकडी खुंट्या आणि फळी, कारण वीणा जमिनीवर ठेवत नाहीत आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन येणाऱ्या माउलीलाही ते टेकवायला स्वच्छ जागा लागते.

खरी परीक्षा पहाटेची. सगळे साडेतीन-चारला उठतात आणि पाचच्या आत निघायचे असते. वीस स्त्रियांना शौचालयात प्रत्येकी सहा मिनिटे धरली तर एकशेवीस मिनिटे होतात. एका तासात उरकायचे तर किमान दोन शौचालये अखंड चालू लागतील, आणि प्रत्यक्षात एक नेहमी अडलेले असते. म्हणून स्त्रियांकडे तीन, पुरुषांकडे दोन आणि शेजारी मुताऱ्या, असे आम्ही ठरवले. प्रत्येक बाजूला एक कमोड, भिंतीला धरायला दांडी. वारी करणाऱ्यांत गुडघे गेलेली माणसे बरीच असतात, आणि उकिडवे बसता येत नाही म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या आजी मी स्वतः पाहिल्या आहेत. न्हाणीघराला आतून कडी, वरपर्यंत भिंत आणि आत दिवा. या तीन गोष्टी नसतील तर बाई तिथे अंघोळ करत नाही, मग इमारत कितीही देखणी असो.

पाण्याचा हिशेब आम्ही पाटीवर लिहून केला. अंघोळीला वीस लिटर, शौचाला दहा, कपडे पिळून काढायला पंधरा, पिण्याला आणि हातपाय धुवायला पाच. माणशी पन्नास, चाळीस माणसांचे दोन हजार लिटर. आमच्या भागात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बोअर मार्चनंतर धाप टाकते. खोल्या, ओसरी आणि न्हाणीघरे धरून छप्पर सुमारे पंधराशे चौरस फूट, म्हणजे एकशेचाळीस चौरस मीटर भरते. त्यावर पडणाऱ्या पावसातला वाहून आणि वाळून जाणारा भाग सोडला तरी पन्नास हजार लिटरच्या वर पाणी हाताशी येते. ते साठवायला मोठा हौद लागतो आणि तो महाग पडतो. आम्ही अर्ध्या पाण्याचा हौद आत्ता धरला आहे. उरलेले पाणी बोअरच्या पुनर्भरणाला जाईल. शोषखड्डा मात्र बोअरपासून जितका लांब नेता येईल तितका नेला, पन्नास फुटांच्या आत तर नाहीच, आणि उताराच्या खालच्या बाजूला. जागा मोठी असल्याचा खरा उपयोग इथे झाला. पाच गुंठे असते तर प्यायचे पाणी आणि मैलापाणी शेजारी शेजारी आले असते.

आणखी एक गोष्ट, जी कुदळ मारण्याआधीच पाहायची असते. आमची जमीन काळी, कसदार. पिकाला सोने, घराला वैरी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा निघतात, दारे चौकटीत अडकू लागतात. म्हणून भूमिपूजनाच्या महिनाभर आधी आम्ही चार कोपऱ्यांवर खड्डे घेतले. तीन ठिकाणी पाच फुटांच्या आसपास मुरूम लागला, चौथ्या कोपऱ्यात सात फूट गेले तरी काळी मातीच. तिथे जुना ओढा बुजलेला होता. आप्पांना ते ठाऊक होते, पण त्यांना कुणी विचारलेच नव्हते. इमारत त्या कोपऱ्यापासून मागे सरकवली आणि तिथे कडुनिंबाची जागा ठेवली.

धर्मशाळेचा उद्देश स्पष्ट ठेवणे म्हणजे काय, याचा सर्वांत मोठा धडा पंढरपुरातच आहे. विठ्ठलाच्या दारात चोखोबांची समाधी आहे, पण त्यांच्या जातीच्या वारकऱ्यांना शतकानुशतके देऊळ बंद होते, आणि मुक्कामाला जागाही मिळत नव्हती. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती या माणसांसाठी. तिचा उद्देश एका वाक्यात सांगता येत होता: ज्याला इतर दारे बंद आहेत त्याला इथे दार उघडे. 1947 मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले. 1949 मध्ये गाडगेबाबांनी ती धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली आणि तिथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह झाले. इमारतीचे काम बदलले, पण ज्यांच्यासाठी ती बांधली ती माणसे बदलली नाहीत. आधी त्यांना मुक्कामाचे दार हवे होते, मग शिक्षणाचे. धर्मशाळा कुणाची आहे हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्यालाच ती पुढे कुणाच्या हाती द्यायची हेही कळते.

याउलट धर्मशाळा कशी मरते तेही पाहण्यासारखे आहे. ती एका दिवसात मरत नाही. आधी मोठ्या देणगीदाराला एक खोली “कायमची” राखून दिली जाते. मग लग्नसराईत चार दिवस सभागृह दिले जाते, कारण वीजबिल भरायचे असते. मग भाड्याने राहणारा एक जण येतो आणि जात नाही. मग दारावर कुलूप लागते आणि किल्ली कुणाकडे आहे ते सापडत नाही. वारकरी पुन्हा एसटी थांब्यावर. या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा पैशात असते: बांधायला वर्गणी मिळते, झाडायला मिळत नाही. म्हणून आम्ही वर्गणीचा एक भाग बांधकामात न घालता मुदत ठेवीत ठेवायचा ठराव केला. त्याच्या व्याजातून सफाई करणारीचा पगार, वीज आणि टाकी धुण्याचा खर्च निघाला पाहिजे. तो निघेल इतकीच इमारत बांधायची, एक खोली जास्त नाही. वरचा मजला हवा असे म्हणणारे नाराज झाले. पण दोन स्वच्छ खोल्या चालवता येतात, दहा मळक्या खोल्या चालवता येत नाहीत.

सकाळी ईशान्येच्या कोपऱ्यात कलश मांडला, नवधान्य टाकले, नारळ वाढवला. पहिली कुदळ आप्पांनी मारायची असे ठरले होते. त्यांनी ती धाकट्या बहिणीच्या हातात दिली आणि स्वतः तिच्या हाताखाली हात धरला. मग मला बोलायला उभे केले. माझा कागद एका पानाचा होता. तो असा:

“रामकृष्ण हरी, माउली. आज ज्या मातीवर आपण उभे आहोत ती वीस गुंठे जमीन आप्पांनी आणि त्यांच्या दोन्ही बहिणींनी दिली आहे. मी तिघांचं नाव एकत्र घेतोय, कारण बक्षीसपत्रावर तिघांची सही आहे. धाकट्या आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी तालुक्याच्या पायऱ्या चढल्या, ती आपल्या धर्मशाळेची पहिली पायरी समजा.

त्यांनी ही जमीन आम्हा विश्वस्तांना दिलेली नाही. जो वारकरी अंधार पडल्यावर या गावात येईल आणि ज्याला कुणी ओळखणारं नसेल, त्याला दिली आहे. कागदावर तसं लिहिलं आहे, तुम्हा सगळ्यांसमोर मी तेच वाचून दाखवतो: जात, पंथ, गाव न विचारता, कुणाही वारकऱ्याला दोन रात्री मुक्काम, भाडं नाही. इथं कुणाच्याही नावाची खोली राखीव राहणार नाही, जमीन देणाऱ्यांचीही नाही. हे आप्पांनीच लिहून घ्यायला लावलं.

लग्नाला, दुकानाला, गोदामाला ही जागा मिळणार नाही. कधी कुलूप दिसलं तर तुमच्यापैकी कुणीही विश्वस्तांना जाब विचारा. हे आज इतक्या लोकांसमोर सांगतोय ते याचसाठी, की उद्या आम्ही विसरलो तर तुम्हाला आठवावं.

आप्पा, आत्या, तुम्ही दिलेली जमीन आम्हाला फक्त राखायची आहे. त्या राखणीचा हिशेब दर वर्षी माघी दशमीला, याच जागेवर, वाचून दाखवू.”

मी बसलो. आप्पांनी हात जोडले आणि शेजारी बसलेल्या आत्यांकडे पाहिले. त्या कडुनिंबासाठी सोडलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवून भावाला काहीतरी सांगत होत्या. नंतर विचारले तेव्हा कळले, लहानपणी त्या ओढ्यात दोघे मासे धरायला जात असत, आणि तिथे घर बांधत नाही हे बरे झाले, असे त्या म्हणत होत्या.